जिरे, बडीशेप आणि C₁₀H₁₂O

मिसळणाच्या डब्यात जिरे आणि बडीशेप शेजारी असली तर घाईत एखाद्याचा हात चुकतो, नाक मात्र चुकत नाही. गंमत अशी, की या दोन वासांना कारण असलेले मुख्य रेणू कागदावर अगदी एकसारखे दिसतात. जिऱ्याच्या तेलातले क्युमिनाल्डिहाइड आणि बडीशेपेच्या तेलातले अ‍ॅनेथोल, दोघांचेही रेणुसूत्र C₁₀H₁₂O. दहा कार्बन, बारा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. रेणुभारही दोघांचा १४८. मूलद्रव्यांचे प्रमाण काढले तरी कार्बन ८१ टक्के, हायड्रोजन ८.२ टक्के, हेच उत्तर दोन्ही वेळा येणार. तेवीस अणू तेच. फरक आहे तो कोण कोणाला जोडलेला आहे एवढाच.

समजा, प्रयोगशाळेत लेबल निघून गेलेली एक बाटली आहे. आत फिकट पिवळसर तेलकट द्रव आहे आणि त्याचे सूत्र C₁₀H₁₂O असल्याचे आधीच कळले आहे. झाकण उघडताच जिऱ्याचा वास येतो. पण नाकाची साक्ष शोधनिबंधात चालत नाही. शिवाय या सूत्रात जिरे आणि बडीशेप सोडून आणखीही बरेच रेणू बसतात. हा द्रव नेमका कोण, हे सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ दोन आलेखांवरून ठरवतात. पहिला अवरक्त किरणांचा, म्हणजे इन्फ्रारेडचा. दुसरा प्रोटॉन एनएमआरचा.

आलेखांना हात लावण्याआधी एक साधी वजाबाकी करून घ्यायची असते. ती टाळणारे विद्यार्थी पुढे तासभर भरकटतात. दहा कार्बनांची साखळी हायड्रोजनांनी पूर्ण भरली असती तर तिच्यात २२ हायड्रोजन मावले असते. इथे आहेत १२. दहा कमी, म्हणजे पाच जोड्या कमी. अशी प्रत्येक जोडी एका दुहेरी बंधामुळे किंवा एका वलयामुळे कमी होते. बेंझीनचे वलय एकटेच चार जोड्या खाते: तीन दुहेरी बंध आणि एक वलय. म्हणून एवढ्या कमी कार्बनांत पाचाचा आकडा आला की पहिला संशय बेंझीनवर जातो. तो खरा ठरला तर एकच जोडी उरते. त्या उरलेल्या एका जोडीचा हिशेब कुठे लागतो, यावर बरेच काही अवलंबून आहे.

आता इन्फ्रारेड. रेणूतला प्रत्येक बंध स्प्रिंगसारखा सतत थरथरत असतो. बंध जितका ताठ आणि टोकांचे अणू जितके हलके, तितकी थरथर जलद. तिच्या गतीशी जुळणारे अवरक्त किरण तो बंध शोषून घेतो, आणि आलेखावर तेवढ्या जागी खाच पडते. खाच खाली गेलेली असली तरी तिला सगळे ‘पीक’च म्हणतात. खालच्या अक्षावर वेव्हनंबर असतो, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये किती लहरी मावतात तो आकडा. हल्ली या तपासणीला काहीच लागत नाही. उपकरणावरच्या हिऱ्याच्या चिमुकल्या स्फटिकावर द्रवाचा एक थेंब ठेवायचा, दोन मिनिटांत आलेख हातात.

आपल्या द्रवाच्या आलेखात सगळ्यांत खोल, सगळ्यांत ठसठशीत खाच १७०२ च्या आसपास आहे. १६५० ते १८०० हा पट्टा कार्बोनिलचा, म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातल्या दुहेरी बंधाचा. या पट्ट्यात एवढी जोरदार खाच दुसरे कोणी सहसा देत नाही. एवढ्या एका खाचेने अ‍ॅनेथोल बाद होते. त्याच्यातला ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये एकेरी बंधांनी बसलेला असतो. त्याची ओळख १२५० च्या जवळच्या जोरदार खाचेने पटते आणि १७०० जवळ त्याचा आलेख मोकळा असतो.

त्या खाचेतून आणखी दोन गोष्टी निघतात. पाचवी जोडी कार्बोनिलच्या दुहेरी बंधात खर्च झाली. रेणूतला एकुलता एक ऑक्सिजनही तिथेच संपला. म्हणजे या रेणूत अल्कोहोलचा ओ-एच गट असूच शकत नाही. ही खूणगाठ महत्त्वाची, कारण याच आलेखात ३४०० च्या सुमाराला एक बारीकसा फुगवटा दिसतो आणि ओ-एच गटाची जागाही तीच. नवखा माणूस लगेच ‘अल्कोहोल’ लिहून मोकळा होतो. खरे तर ३४०० म्हणजे जवळपास १७०२ ची दुप्पट. कार्बोनिलच्या थरथरीचा तो क्षीण दुसरा सूर. खऱ्या ओ-एचची खाच रुंद आणि खोल असते. नमुन्यात ओल असली तरी तिथे असाच फुगवटा येतो. पीक कुठे आहे याबरोबर ते किती खोल आणि किती रुंद आहे हेही वाचावे लागते, ते यासाठी.

कार्बोनिल आहे हे कळले, पण कोणता? कीटोनमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंना कार्बन असतात, अल्डिहाइडमध्ये एका बाजूला हायड्रोजन. १७०२ हा आकडा एकटा याचा निवाडा करू शकत नाही. साध्या साखळीतल्या अल्डिहाइडचे पीक १७३० च्या जवळ येते. कार्बोनिल थेट बेंझीनला जोडलेला असेल तर वलयातले इलेक्ट्रॉन त्याच्या दुहेरी बंधात वाटेकरी होतात, बंध थोडा सैल पडतो आणि पीक १७०० पर्यंत खाली घसरते. साधा कीटोन मुळातच १७१५ च्या आसपास असतो. सगळे इतके जवळजवळ, की पाचदहा एककांच्या फरकावर पैज लावणे शहाणपणाचे नाही.

निवाडा करणारी जागा वेगळीच आहे आणि ती सहज नजरेतून सुटते. २८२० आणि २७३० या आकड्यांजवळ दोन मध्यम, बुटकी पिके दिसतात का ते पाहायचे. अल्डिहाइडच्या हायड्रोजनचा बंध ताणला जातो तेव्हा त्याच्या थरथरीची गाठ त्याच बंधाच्या वाकण्याच्या दुप्पट सुराशी पडते, आणि एका पिकाची दोन होतात. २८२० चे पीक बाकीच्या कार्बन-हायड्रोजन बंधांच्या गर्दीत बऱ्याचदा लपते. २७३० चे मात्र उघड्यावर असते, तिथे दुसरे फारसे कोणी येत नाही. आपल्या आलेखात ते आहे. जोडीला १६०० जवळ बेंझीन वलयाची पिके आहेत आणि ८३० जवळ एक ठळक पीक, जे वलयावर समोरासमोर दोन गट बसल्याचे सुचवते.

‘सुचवते’ एवढेच. इन्फ्रारेडच्या डाव्या भागावर विसंबता येते. १५०० च्या उजवीकडे रेणूतल्या सगळ्याच बंधांच्या हालचाली एकमेकांत मिसळतात, आणि त्या जंगलात हवे ते पीक हवे तिथे सापडते.

इथवर हाती आले ते असे: बेंझीनचे वलय, बहुधा त्याला थेट जोडलेला अल्डिहाइड गट, आणि शिल्लक तीन कार्बन. त्या तिघांत आता दुहेरी बंध नाही, वलय नाही, ऑक्सिजन नाही. पण ते तीन कार्बन एका रांगेत आहेत, फाट्यासारखे आहेत, की सुटे सुटे होऊन वलयावर तीन ठिकाणी बसले आहेत, यावर इन्फ्रारेड जवळजवळ गप्प आहे. गट कोणते आहेत ते तो सांगतो. त्यांचे शेजारी कोण, हे एनएमआरला विचारावे लागते.

एनएमआरच्या इतिहासातल्या एका पानावर मुंबईशी जोडलेले नाव आहे. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी इथेनॉलचा आलेख काढला. साध्या मद्यार्कातले सहा हायड्रोजन त्यात तीन वेगवेगळ्या जागी दिसले, आणि त्या तीन पिकांची क्षेत्रफळे १:२:३ या प्रमाणात होती. एकाच रेणूतले हायड्रोजन आपापल्या परिसराप्रमाणे वेगळे दिसतात, हे तिथे डोळ्यांना दिसले. त्यांतले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथले एनएमआर संशोधन त्यांनी उभे केले. इथेनॉलच्या त्या आलेखातले प्रत्येक पीक मात्र सलग होते. त्याच्या आत आणखी बारीक रेषा आहेत हे चुंबकीय क्षेत्र अधिक एकसारखे करता आल्यावर कळले. आपली उकल त्या बारीक रेषांवरच उभी आहे.

नमुना तयार करणे सोपे आहे. पाचदहा मिलिग्रॅम द्रव अर्ध्या मिलिलिटरहून थोड्या जास्त ड्यूटेरिअमयुक्त क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचा आणि ५ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या नळीत भरायचा. साधा क्लोरोफॉर्म चालत नाही, कारण त्यातल्या असंख्य हायड्रोजनांच्या सिग्नलखाली नमुन्याचा आवाजच बुडेल. नळी चुंबकात जाते. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रात त्याची ताकद ९.४ टेस्ला असते. हायड्रोजनचे केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, स्वतःच एक इवलेसे चुंबक. ते या क्षेत्राच्या बाजूने किंवा विरुद्ध उभे राहते, आणि ठरावीक रेडिओ लहरी शोषून बाजू बदलते. त्याच्याभोवती इलेक्ट्रॉनांचे आवरण दाट असेल तर बाहेरचे क्षेत्र त्याला थोडे कमी जाणवते, विरळ असेल तर जास्त. हा फरक दशलक्षांशात, पीपीएममध्ये, मोजतात. शून्य ठरवायला टीएमएस नावाचे सिलिकॉनचे संयुग वापरतात. आलेखात डावीकडे जावे तसे आवरण विरळ होत जाते.

आपल्या द्रवाच्या आलेखात पाच जागी सिग्नल आहेत. डावीकडून ९.९७, ७.८१, ७.३८, २.९८ आणि १.२८. त्यांची क्षेत्रफळे १:२:२:१:६. बेरीज बारा, एकही हायड्रोजन हिशेबाबाहेर राहिला नाही.

९.९७ च्या जागी एका हायड्रोजनची एकच उभी रेषा आहे. इतक्या डावीकडे अल्डिहाइडचाच हायड्रोजन येतो. इन्फ्रारेडमधल्या २७३० च्या त्या बुटक्या पिकाला हा दुसरा, स्वतंत्र साक्षीदार. आणि रेषा एकटी आहे याचा अर्थ त्याच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रोजनच नाही. अल्डिहाइड एखाद्या साखळीच्या टोकाला, सीएच-दोन गटाशेजारी असता तर ही रेषा तीन फाट्यांत फुटली असती. म्हणजे तो थेट वलयावर आहे. वर ‘बहुधा’ म्हटले होते, ते आता काढून टाकता येते.

रेषा फुटतात का, हे समजून घ्यायला १.२८ चा सिग्नल सगळ्यांत चांगला. त्याचे क्षेत्रफळ सहा आहे, आणि एका रेषेऐवजी सारख्या उंचीच्या दोन रेषा आहेत. याला डब्लेट म्हणतात. या सहा हायड्रोजनांच्या शेजारच्या कार्बनवर एकच हायड्रोजन आहे. साधारण निम्म्या रेणूंत तो शेजारी क्षेत्राच्या बाजूने असतो आणि या सहांना क्षेत्र किंचित जास्त भासते. उरलेल्या निम्म्यांत तो विरुद्ध असतो आणि क्षेत्र किंचित कमी भासते. म्हणून दोन रेषा, सारख्या उंचीच्या. सहा जण एकमेकांना मात्र फोडत नाहीत, कारण ते पूर्णपणे एकसारखे आहेत.

आता तोच प्रकार दुसऱ्या बाजूने पाहू. २.९८ वर एक हायड्रोजन आहे आणि त्याला शेजारी सहा. सहाही बाजूने, हे एकाच प्रकारे घडते. पाच बाजूने आणि एक विरुद्ध, हे सहा प्रकारे. चार-दोन पंधरा प्रकारे, तीन-तीन वीस प्रकारे, आणि पुढे पुन्हा तसेच उतरत. त्यामुळे सात रेषा, उंची १:६:१५:२०:१५:६:१. हा सेप्टेट. एक हायड्रोजन आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मिथिल गट, म्हणजे आयसोप्रोपिल. तीन कार्बन सरळ रांगेत असते, तर सहाचा डब्लेट न येता तिघांचा ट्रिपलेट, आणि आणखी दोन जागी दोन-दोन हायड्रोजनांचे सिग्नल दिसले असते.

फसगत होते ती या सेप्टेटवर. सर्वांत बाहेरच्या दोन रेषा मधल्या रेषेच्या विसाव्या हिश्शाएवढ्या असतात. नमुना पातळ असेल किंवा यंत्र थोडाच वेळ चालवले असेल तर त्या तळाच्या खरखरीत हरवतात. मग पाचच रेषा मोजल्या जातात आणि शेजारी चार हायड्रोजन आहेत असे लिहिले जाते. चूक पकडायचे दोन मार्ग आहेत. एक, उंचीचे प्रमाण. खऱ्या पाच रेषांत ते १:४:६:४:१ असते, म्हणजे टोकाची रेषा तिच्या शेजारणीच्या चौथ्या हिश्शाएवढी. इथे दिसणाऱ्या टोकाच्या रेषा शेजारणींच्या दोन-पंचमांश आहेत. दुसरा मार्ग जास्त पक्का: रेषांमधले अंतर. डब्लेटच्या दोन रेषांत ७ हर्ट्झचे अंतर आहे आणि सेप्टेटच्या लागोपाठच्या रेषांतही ७ हर्ट्झच. ज्याने ज्याला फोडले त्याने त्यालाही तेवढेच फोडले, म्हणून हे अंतर दोन्हीकडे जुळलेच पाहिजे. यंत्र ६० मेगाहर्ट्झचे असो की ४०० चे, हे ७ हर्ट्झ बदलत नाहीत. मोठ्या यंत्रात बदलते ते सिग्नलांमधले अंतर, त्यामुळे गर्दी विरळ होते.

उरले वलयाचे चार हायड्रोजन. ते ७.८१ आणि ७.३८ वर दोन-दोनच्या गटांत आहेत आणि दोन्ही डब्लेट आहेत, ८ हर्ट्झच्या अंतराचे. दोन गट वलयावर समोरासमोर असले तरच असे नीटनेटके चित्र येते, कारण मग डावा आणि उजवा भाग सारखा होतो. आयसोप्रोपिल एक घर सरकवून अल्डिहाइडपासून तिसऱ्या जागी नेले असते, तर चारही हायड्रोजन वेगळे दिसले असते, त्यांतला एक जवळपास न फुटलेला आणि एक तीन फाट्यांचा. बारकाईने पाहिले तर आपले दोन डब्लेटही अगदी स्वच्छ नाहीत. त्यांच्या आत लहान लहान फाटे आहेत आणि आतल्या रेषा बाहेरच्यांपेक्षा किंचित उंच आहेत. समोरासमोरच्या गटांची ही नेहमीची लकब. अल्डिहाइड इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून त्याला लागून असलेले दोघे ७.८१ वर गेले. अ‍ॅनेथोलमध्येही असेच दोन डब्लेट असतात, पण तिथे ऑक्सिजन वलयाला इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे त्यातला एक थेट ६.८ पर्यंत उजवीकडे येतो.

ही उकल किती घट्ट आहे, हे तपासायला एक तगडा प्रतिस्पर्धी घेऊ. आयसोब्युटिरोफेनोनचेही सूत्र C₁₀H₁₂O. त्यातही बेंझीन, कार्बोनिल आणि आयसोप्रोपिल, तिन्ही आहेत. सेप्टेट आणि सहाचा डब्लेटही तसाच दिसतो. पण त्यात आयसोप्रोपिल कार्बोनिलला चिकटलेला असल्यामुळे सेप्टेट ३.५ च्या पलीकडे सरकतो, वलयावर पाच हायड्रोजन भरतात, ९.९७ ची जागा रिकामी राहते आणि इन्फ्रारेडमध्ये २७३० वर काही नसते. चार ठिकाणी विसंगती. नुसता फाट्यांचा आकार पाहणारा इथे फसला असता.

तेव्हा बाटलीत आहे ४-आयसोप्रोपिलबेंझाल्डिहाइड, म्हणजेच क्युमिनाल्डिहाइड. १८४१ मध्ये गेऱ्हार्ट आणि काउर या फ्रेंच रसायनज्ञांनी जिऱ्याच्या तेलातून ते वेगळे केले, तेव्हा त्यांच्याकडे यांतले एकही उपकरण नव्हते.

हे सगळे इतके सुरळीत जमले, कारण द्रव शुद्ध होता. बाजारातले जिऱ्याचे तेल थेट नळीत भरले तर चित्र वेगळे दिसते. त्यात पी-सायमीन, बीटा-पायनीन, गॅमा-टर्पिनीन असे बरेच जण असतात. पी-सायमीनमध्येही आयसोप्रोपिल आहे आणि त्याचा डब्लेट १.२८ च्या अगदी जवळ येऊन मिसळतो. मग क्षेत्रफळे पूर्णांकात बसेनाशी होतात: ९.९७ ला एक धरले तर १.२५ च्या परिसरात सहाऐवजी नऊ किंवा दहा भरतात, आणि २.३ वर वलयावरच्या मिथिलची उपटसुंभ रेषा उगवते. अशा वेळी जो आकडा जुळत नाही तो ओढून पूर्णांकात बसवायचा मोह आवरावा लागतो. ७.२६ च्या एकट्या रेषेला मात्र घाबरायचे कारण नाही. द्रावकात शिल्लक राहिलेल्या साध्या क्लोरोफॉर्मची ती रेषा जवळपास प्रत्येक आलेखात असते, ती ७.३८ च्या डब्लेटच्या इतकी जवळ आहे, की क्षेत्रफळ मोजताना तिला चुकून आत घेतले तर दोनाचे अडीच होतात.

बाटली जुनी असेल तर आणखी एक भानगड. क्युमिनाल्डिहाइड हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू क्युमिनिक आम्ल बनते. इन्फ्रारेडमध्ये २५०० पासून ३३०० पर्यंत पसरलेली रुंद खाच येऊ लागते. एनएमआरमध्ये ८.०५ जवळ नवा डब्लेट उगवतो. तो आम्लाच्या वलयातल्या दोन हायड्रोजनांचा. त्यावरून किती माल बिघडला तेही काढता येते. ९.९७ च्या रेषेचे क्षेत्रफळ १ धरल्यावर ८.०५ चे ०.५ भरले, तर एका हायड्रोजनमागे ते ०.२५ झाले. म्हणजे चार रेणू अल्डिहाइडचे आणि एक आम्लाचा, वीस टक्के माल आम्ल झालेला. असा नमुना आधी सोड्याच्या पाण्याने धुऊन आम्ल काढतात. मग तो सोडियम बायसल्फाइटच्या संपृक्त द्रावणात हलवतात. अल्डिहाइड त्याच्याशी जोडले जाऊन पांढरे स्फटिक खाली बसतात आणि सायमीनसारखी मंडळी वरच्या तेलात राहून जातात. स्फटिक गाळून धुतले आणि त्यांना सोडा दिला की अल्डिहाइड पुन्हा सुटे होते. नळीत ते भरायचे, आणि सहाचा आकडा खरोखर सहा येतो का ते पाहायचे.